पावसाळाभर वापरलेला बल्बवाला टेस्टर: फ्युएल पंपाचा रिले आणि फ्यूज तपासताना तो कुठे कामाला येतो

सेल्फ मारला की इंजिन जोमाने फिरतं, पण पेट घेत नाही. पेट्रोल इंजेक्शनच्या गाडीत असं झालं की सगळ्यात आधी मागच्या सीटकडे कान द्यायचा. चावी ऑन केल्यावर बहुतेक गाड्यांत फ्युएल पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो आणि थांबतो. तो आवाजच आला नाही, तर पंप बदलण्याआधी फ्यूज आणि रिले बघावेत. त्या तपासणीसाठी आम्ही जून महिन्यापासून दोन वस्तू वापरतोय : १२ व्होल्टचा साधा बल्बवाला टेस्टर आणि स्वस्तातला डिजिटल मीटर.

फ्यूजसाठी टेस्टर मीटरपेक्षा सोयीचा. क्लिप बॅटरीच्या निगेटिव्हला लावायची, चावी ऑन करायची आणि फ्यूज न काढता त्याच्या डोक्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांना टोक टेकवायचं. दोन्हीकडे बल्ब लागला तर फ्यूज शाबूत, एकाच बाजूला लागला तर उडालेला. दोन्हीकडे अंधार असेल तर फ्यूजला दोष देऊ नये. काही गाड्यांत हा फ्यूज रिलेनंतर असतो, तिथे करंट फक्त त्या दोन-तीन सेकंदांपुरता येतो. म्हणून टोक आधी टेकवून ठेवायचं आणि दुसऱ्याला चावी फिरवायला सांगायचं.

रिलेच्या बाबतीत 'टक' आवाजावर विश्वास ठेवणारे फार भेटतात. टक म्हणजे फक्त कॉइल ओढली गेली. आतले पॉइंट करंट नेतात की नाही, हे त्यावरून कळत नाही. गोव्याच्या किनारपट्टीवर खारी हवा आणि चार महिन्यांची ओल, त्यामुळे रिलेच्या पायांवर आणि सॉकेटमध्ये हिरवट थर चढतो, आणि आतले पॉइंट ठिणग्यांनी काळे पडलेले असतात. अशा रिलेच्या ८७ नंबरवर, म्हणजे जिथून पंपाकडे करंट निघतो त्या पायावर, नुसता मीटर लावला, पंपाचा प्लग काढलेला असला, की आकडा चक्क १२ व्होल्टच्या वर येतो. मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, मग खराब पॉइंटवर व्होल्टेज पडणार कसं? पंप मात्र साधारण चार ते सात अँपियर मागतो. एलईडीचा टेस्टरही याच कारणाने फसवतो. म्हणून बल्बवालाच घ्यावा, आणि पंपाच्या प्लगवर तपासताना इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब लावावा. तो पावणेदोन अँपियर ओढतो, आणि तो मंद पेटला की वाटेत अडथळा आहे हे डोळ्यांना दिसतं.

एका हॅचबॅकचे आकडे देतो. बॅटरी १२.४ व्होल्ट, फ्यूज ठीक, रिले टक करतो. पंपाचा प्लग जोडलेला ठेवून, तारेच्या मागून मीटरची सुई घालून चावी ऑन केली, तर ८.९ व्होल्टच. अर्थची बाजू तपासली, तिथे बिघाड नव्हता. मग रिले काढून सॉकेटमधलं करंट येण्याचं ३० आणि पंपाकडे जाणारं ८७ हे १५ अँपियरचा फ्यूज बसवलेल्या जाड वायरने जोडलं. पंप खणखणीत चालला आणि मीटरवर ११.८. दोष रिलेतच होता, पंप चांगला. चांगल्या रिलेच्या पॉइंटवर ०.२ व्होल्टपेक्षा जास्त पडायला नको. जपानी धाटणीच्या काही रिलेंवर १, २, ३, ५ असे आकडे असतात, तिथे ३ आणि ५ जोडायचे. झाकणावरचा नकाशा बघूनच वायर लावावी, कारण ८५-८६ ही कॉइल आहे, तिला थेट जोडलं तर शॉर्ट होतो. वायर नसेल तर हॉर्नचा तसाच रिले लावून बघता येतो, पण नंबर आणि पायांची मांडणी जुळलीच पाहिजे.

नवा फ्यूज लगेच उडत असेल तर मोठ्या अँपियरचा घालू नका. वायर जळते, आणि ती वायर पेट्रोलच्या टाकीपर्यंत जाते. पंपाचा प्लग काढून, फ्यूजच्या जागी तोच २१ वॉटचा बल्ब लावावा. प्लग काढल्यावरही बल्ब पूर्ण प्रकाशाने पेटला तर वायर कुठेतरी बॉडीला चिकटली आहे. विझला तर संशय पंपावर.

टेस्टरची तक्रार एकच : क्लिपच्या स्प्रिंगला किनाऱ्यावर गंज फार लवकर धरतो, ग्रीस लावून ठेवावं लागतं. मीटरची बॅटरी कमी झाली की आकडे फुगतात, म्हणून आधी गाडीच्या बॅटरीवर आकडा बघून मगच पुढे जावं. आणि बल्बवाला टेस्टर इसीयूच्या बारीक वायरींना किंवा एअरबॅगच्या पिवळ्या प्लगांना कधीच टेकवू नये. तिथे मीटरही माहितगारानेच लावावा.