बँड-पाससाठी लो-पास प्रोटोटाइप: तयार घ्यावा की पट्ट्याच्या मापाचा?

डिजिटल लो-पास फिल्टर हाताशी आहे, पट्ट्याच्या खालच्या आणि वरच्या कडा ठरल्या आहेत, आणि `z⁻¹` च्या जागी एक ऑल-पास राशी घालून बँड-पास करायचा आहे, एवढे गृहीत धरून हे लिहीत आहे. कॉन्स्टन्टिनिडीस यांनी १९७० साली मांडलेले हे प्रतिस्थापन सर्वांच्या परिचयाचे आहे. प्रश्न उरतो तो प्रोटोटाइपचा कटऑफ कुठे ठेवावा, एवढाच. तो बहुतेक जण विचार न करता सोडवतात. मीही तसाच सोडवला होता.

जळगावातील एका डाळ मिलमधील बेअरिंगच्या कंपनांवर लक्ष ठेवणारे एक छोटे यंत्र मी काही काळापूर्वी बनवले. सँपलिंग २००० हर्ट्झ, हवा असलेला पट्टा २०० ते ३०० हर्ट्झ. मिलमध्ये पुली बदलली की फेरे बदलतात आणि पट्टाही सरकवावा लागतो. त्याची रुंदी मात्र १०० हर्ट्झच राहते. पुढच्या निवडीत हीच गोष्ट निर्णायक ठरली.

प्रतिस्थापन असे आहे:

```
z⁻¹ → −(z⁻² − p·z⁻¹ + q) / (q·z⁻² − p·z⁻¹ + 1)

α = cos((ω2+ω1)/2) / cos((ω2−ω1)/2)
k = cot((ω2−ω1)/2) · tan(θ/2)
p = 2αk/(k+1),   q = (k−1)/(k+1)
```

`θ` म्हणजे प्रोटोटाइपचा कटऑफ. माझ्या कडा `0.2π` आणि `0.3π` असल्यामुळे `α` ची किंमत ०.७१५९ येते. पट्ट्याचा मध्य २५० हर्ट्झ धरून `α = cos(0.25π)` घेण्याचा मोह होतो, पण मग कडा सुमारे २०४ आणि ३०४ हर्ट्झवर जाऊन बसतात. खरा मध्य, म्हणजे जिथे प्रोटोटाइपचा शून्य हर्ट्झ जाऊन पोहोचतो ती जागा, २४६ हर्ट्झच्या आसपास आहे. सुरुवातीचे ऋण चिन्ह लिहायचे राहून गेले नाही ना, हे पाहायला `z = 1` घालावे; उत्तर −१ यायला हवे. ते +१ आले, तर शून्य हर्ट्झ निर्धास्त पार होईल आणि पट्ट्याचा मध्यच बुजेल.

पहिली वाट तयार प्रोटोटाइपची. कटऑफ `π/2` वर असलेला फिल्टर एकदाच करून ठेवायचा आणि कोणत्याही पट्ट्यासाठी तोच वापरायचा. पहिल्या दर्जाच्या बटरवर्थसाठी हा प्रोटोटाइप फक्त `0.5(1 + z⁻¹)` एवढाच असतो. `k` ६.३१४ येतो, `q` ०.७२६५ आणि `p` १.२३६१. दुसरी वाट पट्ट्याच्या मापाची. प्रोटोटाइपचा कटऑफ थेट `ω2−ω1` एवढा, म्हणजे `0.1π` ठेवायचा. मग `k = 1` होतो, `q` नाहीसा होतो आणि प्रतिस्थापनात `α` सोडून काही उरत नाही:

```
z⁻¹ → z⁻¹ · (α − z⁻¹) / (1 − α·z⁻¹)
```

येथे प्रोटोटाइप `0.1367(1 + z⁻¹)/(1 − 0.7265z⁻¹)` असा येतो. आता दोन्ही वाटांनी कागदावर प्रतिस्थापन पूर्ण केले, तर हाती येणारा फिल्टर अगदी एकच असतो:

```
H(z) = 0.1367 (1 − z⁻²) / (1 − 1.2361z⁻¹ + 0.7265z⁻²)
```

पहिल्या वाटेत जो ०.७२६५ प्रतिस्थापनात बसला होता, तोच दुसऱ्या वाटेत प्रोटोटाइपच्या पोलमध्ये बसला आहे. त्यामुळे ज्यांना गुणक एकदाच काढून यंत्रात कायमचे भरायचे आहेत, त्यांनी पुढचे वाचले नाही तरी चालेल. त्यांना पहिली वाट किंचित सोयीचीच पडेल, कारण प्रोटोटाइप पुन्हा काढावा लागत नाही.

मला मात्र पट्टा चालत्या यंत्रात सरकवायचा होता. दर वेळी बहुपदी उलगडून सगळे गुणक नव्याने काढण्यापेक्षा प्रोटोटाइपची रचना तशीच ठेवून तिच्यातील प्रत्येक विलंबाच्या जागी ऑल-पास बसवणे सोपे, असे वाटले. तयार प्रोटोटाइप दुसऱ्या दर्जाचा घेतला होता: `0.2929(1 + 2z⁻¹ + z⁻²)/(1 + 0.1716z⁻²)`. तो चालला, आवाजही ठीक वाटला. कडा तपासताना २०० आणि ३०० हर्ट्झच्या साइन वेव्ह घातल्या, तेव्हा दोन्हीकडे ०.७०७ यायला हवे होते, पण एकीकडे ०.७२१ आणि दुसरीकडे ०.७३७ आले. फरक इतका लहान की चुकीपेक्षा मोजमापाचा दोष वाटावा, आणि मी एक अख्खी संध्याकाळ सेन्सरची केबल बदलण्यात घालवली.

दोष केबलचा नव्हता. `q` शून्य नसेल, तर ऑल-पासच्या आउटपुटमध्ये याच क्षणाच्या इनपुटचा `−q` पट भाग असतो. म्हणजे विलंबाच्या जागी जे बसवले, त्यात विलंबच नाही. प्रोटोटाइपमध्ये परतीची वाट असली की आताचे उत्तर काढायला आताचेच उत्तर लागते. दुसऱ्या दर्जात असे दोन ऑल-पास एकापुढे एक येतात, म्हणून हा भाग `0.1716 × 0.7265²`, म्हणजे सुमारे ०.०९०६ होतो. माझ्या प्रोग्रामने त्या ठिकाणी मुकाट्याने मागच्या सँपलची किंमत घातली, आणि नकळत एक जास्तीचा विलंब आत शिरला. पहिल्या दर्जाच्या `0.5(1 + z⁻¹)` मध्ये परतीची वाटच नसल्याने हा त्रास दिसत नाही. म्हणूनच छोट्या उदाहरणावर तपासून मी निश्चिंत झालो होतो.

यावर उपाय आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. चालू सँपलचा भाग वेगळा काढून बेरजेला १.०९०६ ने भागले की पहिली वाटही बिनचूक चालते, आणि हा भाजक `α` वर अवलंबून नसल्याने पट्टा सरकवला तरी तोच राहतो. पण दर्जा वाढला, प्रोटोटाइपची रचना बदलली, की ही फोड पुन्हा करावी लागते, आणि एकदा चुकलेल्या माणसाला ती दर वेळी तपासून पाहावीशी वाटते.

`k = 1` असताना ऑल-पासच्या तोंडाशीच एक विलंब असतो, त्यामुळे प्रश्नच उद्भवत नाही. प्रत्येक विलंबाची जागा एवढ्या ओळी घेतात:

```
v = x_prev
y = alpha*v - v_prev + alpha*y_prev
x_prev, v_prev, y_prev = x, v, y
```

`y` साठी आताचा `x` लागत नाही, म्हणून `y` आधी काढता येतो आणि `x` नंतर भरता येतो. पट्टा ३२० ते ४२० हर्ट्झवर न्यायचा असेल, तर `α` ०.७१५९ ऐवजी ०.४०२१ करायचा, प्रोटोटाइपचा एकही गुणक हलत नाही, आणि कडांमधले अंतर नेमके १०० हर्ट्झच राहते.

या वाटेची किंमतही आहे. पट्ट्याची रुंदी बदलायची झाली की प्रोटोटाइप नव्याने काढावा लागतो, आणि पट्टा फारच अरुंद असेल तर प्रोटोटाइपचे पोल `z = 1` ला चिकटतात, तेव्हा कमी बिटांच्या गुणकांनी काम भागेलच असे नाही. ज्यांची रुंदी वारंवार बदलते आणि मध्य स्थिर असतो, त्यांनी कदाचित तयार प्रोटोटाइपच पसंत करावा. मी त्यांच्याशी वाद घालणार नाही. माझ्या यंत्रात रुंदी ठरलेली होती आणि सरकायचा तो मध्य, म्हणून मी कटऑफ `0.1π` वर नेला. दुसऱ्या दिवशी त्याच जुन्या केबलने साइन वेव्ह घातल्या, तेव्हा दोन्ही कडांवर ०.७०७ आले.