९० दिवसांनी बदला की बदलूच नका? पासवर्डच्या दोन धोरणांबद्दल

राहतो ठाण्यात, नोकरी रबाळे एमआयडीसीत. साधारण दीडशे माणसांच्या कंपनीचे कॉम्प्युटर, सर्व्हर आणि मेल बघतो. काही महिन्यांपूर्वी महापेतल्या एका मित्राने विचारलं, "आमचे मालक म्हणतात दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावा. लावू का?" दोन्ही पद्धती मी स्वतः चालवून पाहिल्या आहेत, म्हणून त्याला सांगितलं तेच जरा सविस्तर लिहितो. तुमचं ऑफिस वेगळं असेल, तुमचा निर्णयही वेगळा येऊ शकतो.

पहिली पद्धत सगळ्यांच्या ओळखीची. कमीत कमी आठ अक्षरं, त्यात कॅपिटल, आकडा, एखादं चिन्ह, दर ९० दिवसांनी सक्तीचा बदल आणि जुने २४ पासवर्ड पुन्हा चालणार नाहीत. दुसरीत मुदतच नाही. पासवर्ड मात्र लांब हवा, आमच्याकडे १४ अक्षरं. बंदी घातलेल्या शब्दांची यादी आहे, बाहेरून मेल किंवा व्हीपीएन उघडताना मोबाइलवरचा कोड लागतो, आणि पासवर्ड फुटल्याची शंका आली की बदल त्याच क्षणी.

कागदावर पहिली जास्त कडक दिसते. मलाही वाटायची. सहा वर्षं तीच चालवली.

मग एका पाडव्याच्या आसपासची गोष्ट. डिस्पॅचमधला एक जण गावी गेला होता, फोन लागत नव्हता आणि त्याच्या मशीनवरची एक फाइल तातडीने हवी होती. नियमाने मी त्याचा पासवर्ड रिसेट करायला बसलो, तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचा मुलगा म्हणाला, "सर, कशाला? दिवाळीत त्याचा `Rabale@7` होता." आणि मी थांबवायच्या आत त्याने `Rabale@8` टाकून पाहिला. नाही उघडलं. `Rabale@9` टाकला, उघडलं. दिवाळी ते पाडवा म्हणजे पावणेपाच महिने. तेवढ्यात ९० दिवसांची मुदत एकदा किंवा दोनदा येऊन जाणार. त्या पोराने हिशेब बरोबर केला होता.

आमच्याकडे पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं लॉक व्हायचं. त्याला दोनच लागले.

सर्व्हरने हे अडवलं का नाही? कारण त्याला ते दिसतच नाही. तो जुने पासवर्ड जसेच्या तसे ठेवत नाही, त्यांचा हॅश ठेवतो, म्हणजे गणिताने काढलेला असा ठसा ज्यावरून मूळ पासवर्ड उलटा काढता येत नाही. एक अक्षर बदललं की हॅश पूर्ण बदलतो. त्यामुळे `Rabale@7` आणि `Rabale@8` त्याच्या लेखी दोन अनोळखी माणसं. इतिहासाचा नियम फक्त हुबेहूब तोच पासवर्ड अडवतो. गुंतागुंतीचा नियमही पाळलेला: कॅपिटल R, आकडा, @, मोजून आठ अक्षरं. सगळे नियम पास, आणि पासवर्ड शेजाऱ्याला पाठ.

हा आमच्याच लोकांचा आळस, असं आधी वाटलं. पण अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली नेमकं हेच तपासलं होतं. त्यांच्याकडे बंद झालेल्या ७,७०० हून अधिक खात्यांचे जुने पासवर्ड होते, दर तीन महिन्यांनी सक्तीने बदललेले. आधीचा पासवर्ड माहीत असेल, तर १७ टक्के खात्यांचा पुढचा पासवर्ड पाचपेक्षा कमी प्रयत्नांत ओळखता आला. माणसं शब्द तोच ठेवतात आणि आकडा वाढवतात, चिन्ह शेवटून पुढे आणतात किंवा s चा $ करतात. ज्याने जुना चोरला, त्याच्यासाठी नवा हा फार तर पाच मिनिटांचा अडथळा.

मुदतीच्या बाजूनेही बोलायला हवं. चोरलेला पासवर्ड कधीतरी निकामी होतो, हा तिचा खरा फायदा. पण हिशेब करा. चोरी ९० दिवसांतल्या कुठल्याही दिवशी होऊ शकते, म्हणजे चोराला सरासरी ४५ दिवस मिळाले. आत शिरलेला माणूस तेवढा थांबत नाही. पहिल्याच दिवशी तो मेलमध्ये फॉरवर्डिंगचा नियम लावून ठेवतो. नंतर पासवर्ड बदलला तरी तुमची बिलं आणि कोटेशनं त्याच्याकडे जातच राहतात.

इथपर्यंतचं सगळं कळूनही मी कदाचित ९० दिवसच चालू ठेवले असते. ऑडिटर खूश असतो, मालक खूश असतात. मला उठवलं ते सोमवार सकाळच्या फोनांनी.

शुक्रवारी संध्याकाळी मुदत संपते, माणूस घाईत काहीतरी नवा पासवर्ड टाकतो आणि दोन सुट्ट्यांत विसरतो. सोमवारी पावणेनऊला मी ठाण्याहून वाशी लोकलमध्ये उभा, एक हात वरच्या कडीला, आणि ऐरोली येईपर्यंत तीन फोन. "सर, लॉक झालंय." मी मोबाइलवरून रिमोट उघडणार, रिसेट करणार आणि नवा तात्पुरता पासवर्ड फोनवरच सांगणार. डब्यातल्या चार लोकांच्या कानावर तो पडणार तो वेगळाच. नुसता त्रास असता तर सोसला असता, पगार त्याचाच मिळतो. पण एकदा घणसोलीच्या ब्रँचमधून फोन आला, आवाज नीट ओळखू येईना, मागे गाडीचा आवाज, आणि मी नाव ऐकून रिसेट करून टाकला. फोन ठेवल्यावर घाम फुटला. तो खराच आमचा माणूस होता, पण ते मला दुपारी कळलं. दर तिमाहीत शे-दीडशे लोकांना मी स्वतःच शिकवत होतो की फोन करा, नाव सांगा, पासवर्ड मिळेल. एखाद्या भामट्याला याहून सोपा दरवाजा कुठला?

मेलचंही तसंच. "तुमच्या पासवर्डची मुदत तीन दिवसांत संपत आहे, इथे क्लिक करा." ही आमच्या सिस्टिमची खरी मेल होती आणि फसव्या मेलचाही हाच मजकूर असतो. मुदत काढल्यापासून मी सगळ्यांना एकच वाक्य सांगितलंय: अशी मेल आली तर ती खोटीच. सांगायला सोपं, लक्षात ठेवायला त्याहून सोपं.

आता दुसऱ्या पद्धतीबद्दल. ती फुकटात मिळत नाही. नुसती मुदत शून्य करून बाकी तसंच ठेवलं, तर ते धोरण नव्हे, आळस. तसं करायचं असेल तर ९० दिवसच बरे, असं मी म्हणेन.

सगळ्यात जास्त काम बंदीच्या यादीवर पडलं. फुटलेल्या पासवर्डांच्या जागतिक याद्या मिळतात. Pwned Passwords या सेवेत तर पूर्ण पासवर्ड पाठवावाही लागत नाही. त्याच्या हॅशची पहिली पाच अक्षरं पाठवायची, त्या पाचांनी सुरू होणारे सगळे हॅश परत येतात आणि जुळणी आपल्याच मशीनवर होते. पण आपल्याकडची माणसं काय लिहितात ते आपल्यालाच माहीत असतं. आमच्या यादीत कंपनीचं नाव, rabale, thane, ganpati, morya, maharaj, कंपनी सुरू झाली ते साल आणि दोन मोठ्या ग्राहकांची नावं आहेत. हे शब्द @ आणि 0 घालून लिहिले तरी अडवणारं साधन घ्या, नाहीतर `M0rya` सुखाने आत जातो.

लांबीचं गणित लोकांना चार शब्द दाखवून पटलं. `tambya unt khidki pavti` असं काहीतरी, एकमेकांशी संबंध नसलेलं. चिन्हांची सक्ती काढली. पहिल्या आठवड्यात निम्म्या लोकांनी म्हणी आणि आरतीच्या ओळी टाकल्या, हे मला नंतर गप्पांत कळलं. लांब असलं तरी सगळ्या महाराष्ट्राला पाठ असलेलं वाक्य पासवर्ड म्हणून कुचकामी. म्हणून आता नवीन माणसाला मी शब्दकोश उघडून डोळे मिटून चार पानांवर बोट ठेवायला लावतो. हसतात, पण करतात. लांबी १४ का? आमच्या जुन्या सर्व्हरच्या पॉलिसीत तो आकडा त्यापुढे जात नाही म्हणून. जमलं असतं तर १५ ठेवली असती.

आणि बदल कधी? कुणी चुकून खोट्या पानावर पासवर्ड टाकल्याचं कबूल केलं की. लॉगमध्ये अनोळखी ठिकाणचं लॉगिन दिसलं की. इंटरनेटवरच्या एकाच आयपी पत्त्यावरून वीस खात्यांवर एकेक चुकीचा प्रयत्न दिसला, तर त्यातलं कुठलं खातं उघडलं ते शोधून त्याचा. बदलताना चालू असलेली सगळी सेशन्स बंद करायची आणि मेलचे नियम तपासायचे. कबूल करणाऱ्यावर ओरडायचं नाही, हेही मी धोरणाचाच भाग मानतो. एकदा ओरडलात तर पुढचा माणूस सांगणार नाही.

मालकांना पटवायचं असेल तर थोडा इतिहास हाताशी ठेवा. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेत बिल बर यांनी २००३ साली लिहिलेल्या मार्गदर्शनातून गुंतागुंतीचे आणि बदलाचे नियम जगभर पसरले. २०१७ मध्ये संस्थेने ठरावीक मुदतीने बदल मागू नका असं म्हटलं आणि त्याच वर्षी बर यांनीही आपल्या बऱ्याचशा सल्ल्याबद्दल खेद व्यक्त केला. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये विंडोजच्या शिफारशींतून मुदत काढून टाकली.

अडचण येते ती ग्राहकाच्या फॉर्मवर. "९० दिवसांनी पासवर्ड बदलता का? हो/नाही." तुम्ही कार्डाचे पैसे हाताळत असाल तर पीसीआय या कार्ड-सुरक्षेच्या मानकाचा नियम आहे, पण तोही नीट वाचा: पासवर्ड हाच एकमेव पुरावा असेल तिथे ९० दिवस, आणि तिथेही प्रत्येक लॉगिनची जोखीम त्या त्या वेळी तपासणारी यंत्रणा हा दुसरा पर्याय आहे. मोबाइलचा कोड लावलेल्या खात्यांना ती अट लागत नाही. एका ग्राहकाला मी हे पत्रात लिहून दिलं, त्यांनी मानलं. दुसऱ्याने नाही मानलं. त्याच्या पोर्टलचे पासवर्ड आम्ही अजूनही दर तीन महिन्यांनी बदलतो, पासवर्ड मॅनेजरमधून, म्हणजे आकडा वाढवायचा मोह नको.

गोडाऊनच्या काट्याजवळचं एक लॉगिन तीन शिफ्टमध्ये सहा माणसं वापरतात. तिथे माझी दुसरी पद्धत लंगडी पडते, हे मान्य. सहा जणांना माहीत असलेला पासवर्ड कितीही लांब असला तरी काय? तो मी कॅलेंडर बघून बदलत नाही. त्या सहांतला कुणी नोकरी सोडतो, त्या संध्याकाळी बदलतो. गेल्या वर्षी तसा चार वेळा बदलला.