दिवसाच्या लग्नात नवरदेवाच्या मित्राने काय घालावं: फिकट कुर्ता की गडद?

दोन जोड्या समोर ठेवू. पहिली: मोतिया रंगाचा सुती-सिल्क कुर्ता, त्यावर बाटली हिरवं रॉ सिल्कचं जाकीट, पायात टॅन मोजडी. दुसरी: नेव्ही ब्लू कुर्ता, मोतिया जाकीट, काळी मोजडी.

रात्रीच्या दिव्यांत दुसरी जोडी झकास दिसते. भर उन्हात मात्र फिकट जाकीट चमकतं, गडद बाह्या मागे पडतात आणि फोटोत नुसतं धडच पुढे आल्यासारखं वाटतं. शिवाय गडद सिल्कवर घाम वाळला की काखेत पांढुरके डाग उमटतात, आणि हात वर करून अक्षता टाकताना ते लपत नाहीत. पहिल्या जोडीत गडद रंग छातीवरच राहतो, बाह्या हवेशीर. जाकिटाचं अस्तर तेवढं सुती घ्या. पॉलिस्टरचं असेल तर सगळा फायदा गेला.

पादत्राणांचा फरक लहान, पण नजरेत भरणारा. पांढऱ्या चुडीदाराखाली काळी मोजडी एकदम तुटक दिसते, टॅन मिसळून जाते. मांडवात ती सारखी काढ-घाल करावी लागते, म्हणून बकलवाली सँडल नकोच.

माझं मत पहिलीकडे. एकच अडचण: नवरदेवाची शेरवानीही मोतिया असेल, तर जाकीट काढताच तुम्ही त्याची फिकी नक्कल दिसाल. तेव्हा कुर्ता फिकट पिस्ता घ्या, जाकीट तेच चालेल.