पावसाळ्यात रोज चालायचं तर स्लिपर, सँडल की बूट?

घर ते कुर्ला स्टेशन 25 मिनिटं पायी, संध्याकाळी तेवढंच परत. गेल्या काही पावसाळ्यांत मी तिन्ही वापरून पाहिलंय.

स्लिपर धुवायला सोपी, पण ओली झाली की पाय तिच्यात पुढेमागे सरकतो. ती निसटू नये म्हणून बोटं नकळत आवळली जातात आणि स्टेशन येईपर्यंत पोटऱ्या भरून येतात. पँटवर मागून शिंतोडे उडतात ते वेगळंच. साचलेल्या पाण्यात अंगठा तुटला तर पुढचा रस्ता अनवाणी. वाण्याकडे जाऊन येण्यापुरती ठीक.

बुटांवर माझा खरं तर जीव होता. टाचेला आधार, बोटांना ठेच नाही, पकडही चांगली. अडलं ते एकाच गोष्टीवर: ते रात्रीत वाळत नाहीत. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, ते भिजले की बदलले, रात्रभर पंख्याखाली ठेवले, तरी सकाळी पुढच्या टोकाला हात घातला की गारच लागायचं. त्यातच कोरडे मोजे घालून निघायचो. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात करंगळी आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात खाज सुटली, मग कातडी पांढरी पडून सोलायला लागली. चिखल्याच. मलमाने आठवडाभरात बरं वाटलं म्हणून मी ते सोडलं, आणि त्याच ओल्या बुटांत पुन्हा झालं. डॉक्टर म्हणाले, खाज थांबली तरी मलम सांगितलेले दिवस लावायचंच, आणि बूट घालायचेच तर दोन जोड आलटूनपालटून. दुसरा जोड घेतला, पण सलग पावसात तोही वाळेना.

तेव्हापासून मागे पट्टा असलेली रबरी सँडल. टाच धरलेली असल्याने बोटं आवळावी लागत नाहीत. ऑफिसात पोचलो की पाय धुवायचे, बेचकी पंचाने टिपायची आणि टेबलाखालची कोरडी चप्पल घालायची. सँडलमध्ये खडे शिरतात हे खरं, दर चौकात पाय झटकावा लागतो.

मधुमेहाने पायाची जाणीव कमी झाली असेल, तर मात्र माझं ऐकू नका. खिळा टोचलेला कळत नाही, तिथे बंद बूटच बरे. आणि पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात जायचंच नाही. लेप्टोची, म्हणजे अशा पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या तापाची भीती असते, आणि पाणी घोट्याच्या वर गेलं की ते बुटातही शिरतंच. जावंच लागलं तर ताप येण्याची वाट न बघता 72 तासांच्या आत डॉक्टरांना गाठावं.

सँडल घेताना शक्यतो वेल्क्रोची टाळा. माझ्या पहिल्या जोडीच्या वेल्क्रोत चिखल बसला आणि ऑगस्टपर्यंत पट्टा चिकटेनासा झाला. आता बकलची आहे. भरपावसात वाकून लावायला कंटाळा येतो, पण सुटत नाही.