बहिणीला कोण सांगणार: रुग्ण की डॉक्टर?

एका डॉक्टर मैत्रिणीपुढचा पेच. रुग्ण बाईंच्या रक्तात बीआरसीए१ जनुकातला, स्तन आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा दोष सापडला. सख्ख्या बहिणीतही तो असण्याची शक्यता ५० टक्के. पण बहिणीशी अबोला आहे, आणि बाई म्हणतात, "तिला कळवू नका."

पहिला मार्ग पत्राचा. डॉक्टर दोषाचं नेमकं नाव आणि तपासणी कुठे करावी हे लिहून देतात, बाई ते पुढे पोचवतात. गोपनीयता शाबूत राहते. बहिणीच्या प्रयोगशाळेला फक्त तोच दोष शोधायचा असल्याने काम सोपं होतं. अडचण एकच, आणि ती मोठी: पत्र कपाटातच राहू शकतं. म्हणून दोन-तीन महिन्यांनी "दिलं का?" असं विचारायलाच हवं.

दुसरा मार्ग डॉक्टरांनी थेट कळवण्याचा. निरोप नक्की पोचतो, पण बाईंचा विश्वास तुटतो आणि त्या पुढच्या तपासण्यांनाही फिरकणार नाहीत. नाव गाळलं तरी बहीण ओळखतेच. शिवाय तिला जाणून घ्यायचं होतं का, हे कुणी विचारलेलंच नसतं. २०२० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजाराच्या खटल्यात म्हटलं, की डॉक्टरांनी रुग्णाची गोपनीयता आणि नातेवाइकाचं हित या दोन्ही बाजू तोलाव्यात. सांगायलाच हवं होतं, असं मात्र ठरवलं नाही.

नकार रागातून किंवा अपराधी भावनेतून असेल तर पत्र आणि सबुरी. माझ्या मते बहुतेक वेळा हेच. नकार ठाम असेल, आणि बीआरसीए१ सारखं वेळीच कळल्यास काही करता येत असेल, तर नीतिसमितीला विचारून, बाईंना आधी सांगून, थेट. हंटिंग्टन बरा करणारा उपायच नाही, तिथे थेट कळवण्याची बाजू बरीच लंगडी.