11 महिने रायडर अ‍ॅप वापरल्यावर: पडलो तेव्हा इन्शुरन्स नेमका कुठं अडकला

सोलापुरात जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड या पट्ट्यात मी 11 महिने खाण्याच्या आणि किराण्याच्या ऑर्डरी मारतोय. कंपनीचं नाव घेत नाही, आयडी अजून चालूय आणि तो चालू ठेवायचाय. पैसे किती मिळतात, इन्सेंटिव्ह कसा असतो यावर सगळेच लिहितात, ते सोडून मी फक्त सेफ्टीबद्दल लिहितो, कारण माझं मनगट मोडलं तेव्हा मला जे कळलं ते आधी कुणी सांगितलं असतं तर माझे पैसे वाचले असते.

पहिले तीन महिने काही झालं नाही, त्यामुळं मला वाटायचं की आपण सावकाश चालवतो, आपल्याला काय होतंय. सप्टेंबरात रात्री पावणेदहाच्या सुमारास आसरा चौकाच्या पुढं ड्रॉप देऊन परत झोनकडं यायलो होतो. पाऊस नुकताच थांबलेला, रस्ता चकाकत होता, लाईट कमी. तेवढ्यात फोनवर नवीन ऑर्डरची घंटी वाजली आणि स्क्रीनवर ते गोल रिंगण उलटं फिरायला लागलं. ते संपायच्या आत अ‍ॅक्सेप्ट नाही केलं तर ऑर्डर दुसऱ्याकडं जाते आणि आपली टक्केवारी खाली येते. त्या दिवशी इन्सेंटिव्हच्या स्लॅबला फक्त दोन ऑर्डरी कमी होत्या, म्हणून मी खाली बघितलं. किती वेळ बघितलं असेल, दीड सेकंद? गाडी चाळीसच्या स्पीडला होती, म्हणजे सेकंदाला 11 मीटर. दीड सेकंदात 16-17 मीटर गाडी मी न बघताच पुढं गेली. वर बघितलं तर रस्त्यावर वाळू पसरलेली, कुठल्यातरी बांधकामाची. पुढचा ब्रेक दाबला आणि गाडी गेली खाली.

डिस्क ब्रेक, चांगले टायर, हेल्मेट हे सगळं माझ्याकडं होतं आणि हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं, त्यावर वाद नाही (ते हेल्मेट मी नंतर फेकून दिलं, एकदा आपटलं की आतला थर्माकोल दबतो, वरून काही दिसत नाही). पण मला पाडलं त्या घंटीनं. आमच्यातले जास्त लोक मला माहितीय तसे स्पीडमुळं कमी आणि स्क्रीनमुळं जास्त पडतात.

आता इन्शुरन्सचं. अ‍ॅपमध्ये प्रोफाईलमध्ये मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, अपघात विमा इतके लाख, हॉस्पिटलचा खर्च इतका. मी ते कधी उघडून वाचलं नव्हतं. दोन दिवस ऍडमिट, मनगटात तारा घातल्या, बिल साधारण 46 हजार. माझ्या आईनं सोनाराकडं जाऊन पैसे आणले. मी हॉस्पिटलातूनच अ‍ॅपमधून क्लेम टाकला आणि तीन आठवड्यांनी नाकारल्याचा मेसेज आला.

कारण एक: आमच्या पॉलिसीत कव्हर फक्त ऑर्डर अ‍ॅक्सेप्ट केल्यापासून डिलिव्हर्ड दाबेपर्यंत होतं. मी 9:41 ला डिलिव्हर्ड दाबलेलं. घंटी वाजली 9:47 ला, पण अ‍ॅक्सेप्ट दाबायच्या आधीच पडलो. म्हणजे लॉगिन होतो, कंपनीचा टी-शर्ट अंगावर, बॅग पाठीवर, पण त्यांच्या कागदावर त्या सहा मिनिटांत मी कामावर नव्हतो. आता बघा, दिवसाचे दहा तास रस्त्यावर असेन तर त्यातले तीन-साडेतीन तास असेच दोन ऑर्डरींच्या मधले असतात, म्हणजे परतायला, हॉटेलजवळ थांबायला. तो वेळ आपण फुकट तर घालवतोच, वर त्यात विम्याशिवाय. प्रत्येक कंपनीची पॉलिसी वेगळी असते, काहींत लॉगिन ते लॉगआउट असं असतं, तर आपलं नेमकं काय आहे ते मदतीला चॅटवर विचारू नका, त्यांना सुद्धा माहिती नसतं. पॉलिसीची पीडीएफ मागा आणि त्यात कव्हर कधी सुरू होतं आणि कधी संपतं ती ओळ शोधा. बाकीची पंधरा पानं नाही वाचली तरी चालेल.

कारण दोन माझीच चूक, आणि याची मला जास्त लाज वाटते. मला उचलणारा एक जण म्हणाला, अरे पोलिसांच्या भानगडीत पडू नको, चौकशी होते, गाडी लावून ठेवतात, डॉक्टरला सांग घरी जिन्यावरून पडलो. मी वेदनेत होतो, हो म्हणालो. डॉक्टरनं तेच लिहिलं आणि डिस्चार्ज कार्डवर 'घरी पडल्याने' असं छापून आलं. रस्त्यावरचा अपघात म्हटलं की दवाखाना एमएलसी करतो, म्हणजे पोलिसांना कळवून नोंद करतो, आणि अपघात विम्याला तीच नोंद पहिली लागते. ती नाही तर तुम्ही कुठंही कसेही पडला असाल. समजा माझी ऑर्डर चालू असती तरी त्या एका ओळीवर क्लेम गेला असता. आमच्या झोनमधले एक अण्णा आहेत, वय पन्नास, सगळ्यांत जुने, ते मला बघायला आले तेव्हा कार्ड वाचून म्हणाले, "काय बे, जिन्यावरून बॅग घेऊन पडलास का?" आधी हसले, मग नुसतं डोकं हलवत राहिले. त्यांचा पाय त्याच्या आधी चार महिने मोडला होता, ऑर्डर चालू असताना. त्यांनी काय केलं तर पडल्या जागेवरून अ‍ॅपमधलं एसओएस दाबलं, ऑर्डरच्या स्क्रीनचा स्क्रीनशॉट काढला ज्यात वेळ दिसते, 108 ला फोन लावला, आणि दवाखान्यात पहिल्या वाक्यात सांगितलं की डिलिव्हरी करताना रस्त्यावर पडलो, एमएलसी करा. लायसन्सची कॉपी, बिलं, एक्सरे सगळं दोन दिवसांत पाठवलं. पैसे मिळाले, उशिरा पण मिळाले.

गाडीचं वेगळंच प्रकरण झालं. स्कूटर बाबांच्या नावावर, फुल इन्शुरन्स होता, दुरुस्तीचं एस्टिमेट 7,200. सर्व्हेअर आला, फोटो काढले, आणि सीटवर बॅगेच्या पट्ट्याचे घासल्याचे डाग बघून विचारलं, डिलिव्हरी करता का? मी खरं सांगितलं. पांढऱ्या नंबरप्लेटच्या दुचाकीच्या पॉलिसीवर वापराची अट असते की भाड्यानं किंवा मोबदल्यासाठी वापर नाही, माल वाहून न्यायचा नाही, स्वतःचं सामान चालतं. म्हणजे डिलिव्हरी नाही. क्लेम गेला. कित्येक पोरांना हे माहितीच नसतं, फुल इन्शुरन्स म्हटलं की संपलं असं वाटतं. आणि पॉलिसीत जो 15 लाखांचा पर्सनल अ‍ॅक्सिडेंट असतो तो ओनर-ड्रायव्हरसाठी असतो, मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी, मनगट मोडल्याच्या बिलासाठी नाही. त्यात गाडी बापाच्या नावावर आणि वापर डिलिव्हरीचा असेल तर घरच्यांना भांडत बसावं लागतं. 20 रुपयेवाला प्रधानमंत्री सुरक्षा विमा माझ्या खात्यातून कटतो, तो पण तसाच, मृत्यूला आणि पूर्ण अपंगत्वाला 2 लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला 1 लाख. घ्यावा, स्वस्त आहे, पण त्यातून दवाखान्याचं बिल निघत नाही.

मग मी काय केलं तर स्वतःच्या नावानं वेगळी पर्सनल अ‍ॅक्सिडेंट पॉलिसी घेतली, आणि फॉर्ममध्ये धंदा 'डिलिव्हरी रायडर' असाच लिहिला. एजंट म्हणाला सेल्समन लिहू, प्रीमियम कमी बसेल. मी म्हटलं दादा आधी एकदा जिन्यावरून पडून बसलोय. प्रीमियम जास्त बसला पण काम बंद पडलं तर दर आठवड्याला ठरावीक रक्कम देणारा भाग त्यात घेता आला, आणि रायडरला खरी गरज त्याचीच असते, कारण मनगट मोडलं तेव्हा बिलापेक्षा सहा आठवडे लॉगिन बंद राहिलं ते जास्त महागात पडलं.

सरकारी बाजूनं, सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली, त्यात गिग कामगार हा शब्द कायद्यात आला आणि कंपन्यांनी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम निधीत द्यायची तरतूद आहे. ई-श्रमवर नाव नोंदवून ठेवा, वेळ लागत नाही. माझ्या हातात अजून काही पडलेलं नाही, खोटं कशाला सांगू. आणखी एक, रस्ते अपघातात जखमींना नेमलेल्या दवाखान्यात 7 दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचाराची केंद्राची योजना मे 2025 पासून आहे, ती मला त्या रात्री कुणी सांगितली नाही आणि मी तर 'घरी पडलो' म्हणून बसलो होतो.

अ‍ॅपला स्टार द्यायचे तर मी पाचपैकी दोन देतो. एसओएस बटन आहे, चालतं, मॅप चांगला आहे. तीन स्टार कापतो ते घंटीसाठी. गाडी चालू आहे हे फोनला जीपीएसवरून कळतंच की, मग स्पीड शून्य होईपर्यंत ऑर्डर दाखवू नका, किंवा दाखवा पण रिंगण गाडी थांबल्यावर सुरू करा. हे जमवणं अवघड आहे असं मला नाही वाटत, दर दोन मिनिटाला आमचं लोकेशन बघतात की हे. आणि ऑर्डर स्वीकारली नाही तर टक्केवारी कापणं हे पावसात आणि मे महिन्यात तरी बंद करा. आमच्याकडं मे मध्ये 43-44 डिग्री होतं, दुपारी हेल्मेटात डोकं शिजतं, अशा वेळी माणूस चिडून सिग्नल तोडतो. तसंच स्लॅब. 20 ऑर्डरीला अमुक आणि 19 ला शून्य अशी कडा असली की रात्री शेवटच्या दोन ऑर्डरीला सगळे जण पळतात, प्रत्येक ऑर्डरीमागं थोडं थोडं वाढवलं असतं तर त्या दोन ऑर्डरींना एवढी घाई नसती. आणि विमा लॉगिन ते लॉगआउट, याच्यासाठी तर मोर्चा काढायला पण माझी तयारी आहे.

आम्ही स्वतः काय बदललं? माझा फोन आता हँडलवर नसतो. हँडलवर असला की डोळा जातोच, कितीही ठरवलं तरी. खिशात ठेवतो, एका कानात इअरफोन, फक्त मॅपचा आवाज, आणि ऑर्डरची घंटी वेगळ्या टोनची लावलीय. वाजली की डावीकडं थांबायला जागा मिळाली तर थांबतो, नाही तर जाऊ देतो. पहिल्या महिन्यात टक्केवारी 91 वरून 78 वर आली, कमाई आठवड्याला चारशे-पाचशेनं कमी झाली. अण्णा म्हणतात फार नुकसान नाही, मला मात्र ते जाणवतं. बाकीच्यांनी असं करावं असं सांगत नाही, ज्याचा त्याचा हप्ता असतो.

नाकारलेल्या क्लेमचं मी सोडलं नाही. आधी विमा कंपनीला लेखी तक्रार केली, महिनाभर उत्तर नाही, मग पुण्याच्या विमा लोकपालाकडं अर्ज टाकला. वकील लागत नाही, फी नाही, क्लेम नाकारल्यापासून वर्षाच्या आत टाकावा लागतो. लॉगिनची वेळ, दोन्ही ऑर्डरींच्या वेळा, आणि मी डॉक्टरला काय सांगितलं आणि का सांगितलं ते सगळं खरं लिहिलंय. डिस्चार्ज कार्डवरच्या त्या ओळीमुळं अवघड आहे हे मला माहितीय. सुनावणीची तारीख अजून आलेली नाही.