बाहेरून उघडणारं दार आणि बाथरूममधली दोरीची घंटा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

बाथरूम साधारण चार बाय सात फूट, कमोड आतल्या टोकाला, अंघोळीचं स्टूल मधे, दार दुसऱ्या टोकाला. वापरणाऱ्या आजी ब्याऐंशीच्या, वॉकर घेऊन चालतात, हाताच्या बोटांत संधिवात. त्या आत पडल्या तर हाक बाहेर पोचावी आणि दार बाहेरून उघडता यावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. मूळ दार सव्वादोन फुटी, आत उघडणारं, आतून टॉवर बोल्टची कडी. महाराष्ट्रातल्या बहुतेक फ्लॅटमध्ये हेच असतं, त्यामुळे माप थोडं इकडेतिकडे धरून पुढचं सगळं लागू पडावं.

आधी दाराचं सांगतो, कारण घंटा वाजली आणि दार उघडलं नाही तर घंटेचा उपयोग बाहेरच्यांना घाबरवण्यापुरता. आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडला, तर कडी नसली तरी दार उघडत नाही. चार फुटी जागेत पडलेल्या माणसाचे खांदे किंवा पाय दाराला टेकलेलेच असतात. जोर लावून ढकलायचं तर त्याच्याच मानेवर, कमरेवर दाब येतो. कमरेचं हाड मोडलेलं असलं तर हे फार वाईट.

यावर बऱ्याच जणांना लिफ्ट-ऑफ बिजागऱ्या सुचवल्या जातात, म्हणजे दार वर उचलून काढता येतं. आत उघडणाऱ्या दाराला त्या कामाच्या नाहीत. अशा दाराच्या बिजागऱ्यांचे सांधे आतल्या बाजूला असतात, बाहेरून तिथे हातच पोचत नाही. शिवाय बंद दार वर उचलायला वरच्या चौकटीत जागा लागते, ती नसते. दुकानदार हे सांगत नाही, सुताराला मात्र माहीत असतं.

आम्ही दार बाहेर उघडणारं करून घेतलं. लाकडी चौकटीत हे सोपं नाही, कारण दार बसायची खाच आतल्या बाजूला कोरलेली असते. सुताराने दार काढलं, बिजागऱ्या चौकटीच्या बाहेरच्या कडेला घेतल्या, जुनी खाच लाकडी पट्टीने भरली आणि दार टेकायला आतून नवी पट्टी ठोकली. ग्रॅनाइटची चौकट असेल तर पट्टीऐवजी ॲल्युमिनिअमचा एल-अँगल चिकटवतात. अर्ध्या दिवसाचं काम, पण त्या दिवशी बाथरूम वापरता येत नाही, हे आधी ठरवून ठेवा.

बाहेर उघडणाऱ्या दाराचे दोन त्रास आठ महिन्यांत नीट कळले. अंघोळीचं पाणी दाराच्या आतल्या बाजूवरून ओघळतं. पूर्वी दार आत उघडायचं, तेव्हा ते बाथरूमच्याच फरशीवर पडायचं. आता दार उघडलं की उंबऱ्याबाहेर, बेडरूमच्या फरशीवर पडतं, आणि ओली फरशी म्हणजे पुन्हा पडण्याला आमंत्रण. दाराच्या तळाशी आतून ॲल्युमिनिअमची बारीक पट्टी थोडी तिरकी लावली, तेव्हापासून पाणी उंबऱ्याच्या आत गळतं. दुसरा त्रास वॉकरचा. आत जाताना दार स्वतःकडे ओढावं लागतं आणि वॉकर धरून मागे सरकावं लागतं. म्हणून दार दिवसभर उघडंच ठेवतो आणि आत गेल्यावर ओढून घ्यायला आतून एक लांब आडवं हँडल आहे.

आता कुलूप. नाण्याने उघडणारं बाथरूम लॉक बसवलं: आतून फिरवायची चपटी खुंटी, बाहेरून खाच. ही खुंटी निवडताना बोटांचा विचार करा. गोल गुळगुळीत नॉब साबणाच्या हाताने संधिवातवाल्याला फिरवता येत नाही; लांबट, चपट्या खुंटीला बोटाच्या कडेने ढकलता येतं. बाहेरच्या खाचेत जाड नाणं बसेलच असं नाही, त्यामुळे घरातलं नाणं घेऊन दुकानातच पाहा. आम्ही नाण्याच्या भानगडीत न पडता चौकटीवर खिळ्याला चपटा स्क्रूड्रायव्हर दोरीने टांगून ठेवला आहे. घाईत पाकीट शोधायला वेळ नसतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: जुनी कडी काढून टाका. नुसतं “आता कडी लावू नका” असं सांगून चालत नाही. आयुष्यभराच्या सवयीने हात आपोआप कडीकडे जातो. कडी आहे तोवर बाहेरच्या खाचेला काही अर्थ नाही, कारण कुलूप उघडूनही दार अडकलेलंच राहतं. आमच्याकडे नवं लॉक बसल्यावरही पंधरा दिवस कडी तशीच होती आणि ती रोज लागत होती. आजींचा मुद्दाही बरोबर होता: “कडी न लावता बसायचं म्हणजे कसं?” त्यावर उत्तर म्हणजे आत-बाहेर लाल-हिरवी खूण दाखवणारं लॉक. आत माणूस आहे हे बाहेर दिसतं, त्यामुळे कोणी दार ओढत नाही. कडी काढून भोकं भरली आणि वाद संपला.

घंटेचं प्रकरण तीन टप्प्यांत गेलं. पहिली वायरलेस डोअरबेल, कमोडशेजारी भिंतीला चिकटवलेलं बटण. बसलेल्या माणसाला ठीक आहे. जमिनीवर पडलेल्याला अडीच फुटांवरचं बटण चंद्राइतकं लांब. शिवाय तिचा रिसीव्हर सॉकेटमध्ये असतो. वीज गेली की घंटा मुकी. आणि एकदा दाबलं की चार-पाच सेकंद सूर वाजून थांबतो. बाहेर मिक्सर चालू असला तर संपलंच.

दुसरा टप्पा छताला लावायचा दोरीचा स्विच. इथे एक सापळा आहे. बाजारातला साधा दोरीचा स्विच पहिल्या ओढीला चालू आणि दुसऱ्या ओढीला बंद होतो. घाबरलेला माणूस दोरी एकदाच ओढून थांबत नाही, चार-पाच वेळा हिसके देतो. समसंख्येने हिसके बसले की घंटा बंद. शिवाय हे स्विच २३० व्होल्टवर चालायला केलेले असतात, ओल्या जागी नकोच.

म्हणून तिसरा टप्पा, आणि हाच टिकला. सगळं १२ व्होल्टवर. इलेक्ट्रिशियनला असं सांगा: दोरीला साधा क्षणिक स्विच, म्हणजे ओढलं तेवढाच वेळ जुळणारा; आम्ही पीव्हीसीच्या डब्यात लिव्हरवाला मायक्रोस्विच छताजवळ बसवला. त्याच्यापुढे १२ व्होल्टचा रिले, म्हणजे विजेने चालू-बंद होणारा स्विच. रिलेचा स्वतःचा एनओ संपर्क, म्हणजे एरवी तुटलेला असणारा, दोरीच्या स्विचला समांतर जोडायचा, म्हणजे एकदा ओढलं की रिले स्वतःच स्वतःला धरून ठेवतो. रिलेच्या कॉइलला समांतर हूटर आणि दोन लाल दिवे. या सगळ्याच्या आधी मुख्य तारेत एक एनसी बटण, म्हणजे एरवी जुळलेलं आणि दाबलं की तुटणारं, तेच रिसेट. कितीही हिसके द्या, हूटर बंद होत नाही. रिसेट दाबल्यावरच होतो. हे बटण बाथरूमच्या दाराबाहेर लावा, दिवाणखान्यात नाही. नाहीतर कोणीतरी तिथूनच कटकट बंद करतो आणि बाथरूमपर्यंत जातच नाही.

दोन दिव्यांपैकी एक बाहेर दारावर, एक आत. आतला दिवा पडलेल्या माणसासाठी आहे: हाक पोचली, आता धडपडू नये, हे त्याला दिसायला हवं. वीज वायफाय राउटरसाठी मिळणाऱ्या १२ व्होल्टच्या मिनी यूपीएसवरून घेतली. रिले शांत असताना काही खातच नाही, त्यामुळे लोडशेडिंगची चिंता नाही. यूपीएसची बॅटरी मात्र कधीतरी बसेल, म्हणून महिन्यातून एकदा मेन स्विच बंद करून दोरी ओढून पाहतो.

दोरी तीन मिलिमीटरची, लाल, नायलॉनची. सुती घेऊ नका, ती ओल धरते आणि काळी पडते. ब्रिटनच्या नियमांत अशा दोरीला ५० मिलिमीटर व्यासाच्या दोन लाल बांगड्या लावायला सांगितल्या आहेत, एक जमिनीपासून ८०० ते १००० मिलिमीटरवर, दुसरी १०० मिलिमीटरवर. इंग्रजीतला हा ‘बँगल’ शब्द मुळात हिंदीतूनच गेलेला, त्यामुळे आपण कासाराकडे गेलो तर बिघडलं काय! दोन-दोन मापाची प्लास्टिकची लाल बांगडी आतून सुमारे ५४ मिलिमीटर भरते, मापाला जवळपास बसते. काचेची किंवा धातूची नको. दोरीचा नुसता फास ठेवू नका, तो हातात किंवा गळ्यात अडकू शकतो.

खालची बांगडी जमिनीपासून इतक्या कमी उंचीवर असण्याला कारण आहे: कुशीवर पडलेल्या माणसाचा हात तेवढाच वर जातो. पण सात फुटी बाथरूममध्ये कमोडपाशी लोंबणारी दोरी दारापाशी पडलेल्याला मिळत नाही. म्हणून खालच्या टोकाला दुसरी दोरी बांधून ती भिंतीच्या कडेने, तेवढ्याच उंचीवर, स्टेनलेस स्टीलच्या, गोल तोंडाच्या हुकांतून दारापर्यंत नेली. वळण एकच ठेवा. कोपऱ्यात दोन वळणं आली की घर्षणाने ओढ स्विचपर्यंत पोचत नाही. आमची पहिली जोडणी याच कारणाने पुन्हा करावी लागली. शिवाय ही दोरी आधाराला नाही. कमोडशेजारी पकडदांडा पक्का नसेल तर उठताना माणूस दोरीच धरतो, स्विच उपटून निघतो.

आठ महिन्यांत खरा बिघाड एकच, आणि तोही माणसांमुळे. फरशी पुसताना दोरी आड येते म्हणून ती वर गुंडाळून नळाला अडकवली जाते आणि तशीच राहते. लाल कागदावर “दोरी सोडून ठेवा” असं लिहून पाहिलं, फरक पडला नाही. शेवटी खालची बांगडी कुठे आहे हे रोज सकाळी पाहायचं काम ठरवून दिलं. खोटे अलार्म पहिल्या महिन्यात बरेच झाले, बहुतेक कपडे अडकून. कपड्यांचा हुक दोरीपासून दूर नेला, तेव्हापासून क्वचित.

घंटेची एक मर्यादा ध्यानात ठेवा. चक्कर येऊन शुद्ध हरपली तर दोरी कोणी ओढत नाही. त्यासाठी वेगळा नियम: दार बंद होऊन पंधरा मिनिटं झाली की बाहेरून हाक मारायची, उत्तर नाही आलं तर स्क्रूड्रायव्हर. उघडताना मात्र एकदम ओढू नका. माणूस दाराला टेकून बसलेला असेल तर दाराबरोबर तो बाहेर कोसळतो. आधी हात जाईल एवढीच फट, आत पाहा, एक हात खांद्यामागे घाला, मग दार पूर्ण उघडा.